म्हातारा गोष्ट सांगतोय, पण आजच का आणि ह्यालाच का? चौकटीतली कथा पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

नवीन लिहिणाऱ्यांच्या कथा वाचताना एक सुरुवात हमखास भेटते. गावचा पार किंवा चाळीची गॅलरी, एक म्हातारा, समोर दोन-चार पोरं, आणि म्हातारा म्हणतो "ऐका मग, फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे". मग गोष्ट सुरू होते, ती चांगलीही असते, आणि शेवटी म्हातारा उठून घरी जातो. अशा कथेतला म्हातारा काढून टाकला तर काय बिघडतं? बहुतेक वेळा काहीच नाही. तो फक्त दार उघडायला आणि लावायला ठेवलेला असतो, आणि मला ह्याचं खरंच वाईट वाटतं कारण आपल्याकडे ही रचना इतकी जुनी आणि इतकी ताकदीची आहे की तिचा असा वापर करणं म्हणजे फुकट घालवणं आहे.

तर ही चौकट, म्हणजे आतल्या गोष्टीभोवतीचा सांगणाऱ्या-ऐकणाऱ्यांचा बाहेरचा थर, कशी बांधायची ते बघू. मी दोन गोष्टी हाताशी घेणार आहे, एक सगळ्यांना माहीत असलेली म्हणजे पंचतंत्र, आणि दुसरी ह्या लेखापुरती रचलेली गिरणगावातली गोष्ट, जी आपण टप्प्याटप्प्याने उभी करू.

आधी पंचतंत्राची पहिली दोन पानं नीट वाचा

लहानपणी आपण माकड-मगर, सिंह-ससा असं सुटं सुटं वाचलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीचं कथामुख बऱ्याच जणांनी वाचलेलंच नसतं. दक्षिणेत महिलारोप्य नावाचं नगर, राजा अमरशक्ती, त्याला बहुशक्ती, उग्रशक्ती आणि अनंतशक्ती असे तीन मुलगे आणि तिघंही अभ्यासाचं नाव काढलं की पळणारे. दरबारात चर्चा होते की नुसतं व्याकरण शिकायलाच बारा वर्षं जातात, मग बाकीचं कधी शिकणार, आणि सुमती नावाचा मंत्री विष्णुशर्म्याचं नाव सुचवतो. राजा त्याला शंभर गावांची सनद देऊ करतो. म्हातारा म्हणतो, मी विद्या विकत नाही, माझं वय ऐंशी झालं, इंद्रियांना कशाचीच ओढ उरली नाही, पैसा घेऊन मी करू काय? पण सहा महिन्यांत पोरांना नीतिशास्त्रात तयार केलं नाही तर स्वतःचं नाव टाकीन.

आता बघा ह्या एवढ्याशा जागेत काय काय बसवलंय. सांगणारा कोण ते कळलं, आणि त्याला कशाचा मोह नाही म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेवायला कारण मिळालं. ऐकणारे कोण आणि त्यांच्यात कमी काय तेही कळलं, मुदत ठरली, आणि हरला तर काय जाणार तेही ठरलं. ऐंशी हा आकडा उगाच आलेला नाही. तिशीतल्या पंडिताने शंभर गावं नाकारली असती तर आपल्याला तो दिखावा वाटला असता, ऐंशीच्या माणसाने नाकारली की पटतं. म्हणजे इथे म्हातारपण काम करतंय. तुमच्या कथेतला सांगणारा म्हातारा का आहे, ह्याला असं काहीतरी ठोस उत्तर पाहिजे, "गोष्टी म्हातारे सांगतात म्हणून" हे उत्तर चालणार नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. पहिलं तंत्र मित्रभेद. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल ह्यांची मैत्री दमनक नावाचा कोल्हा तोडतो, दोघांच्या मनात एकमेकांबद्दल विष कालवतो, शेवटी सिंह बैलाला मारतो आणि दमनक मंत्री होतो. नुसतं एवढंच वाचलं तर ही लबाड जिंकल्याची गोष्ट आहे, संपली की तोंड कडू होतं. पण बाहेर ऐकायला कोण बसलंय? तीन राजपुत्र, जे उद्या सिंहाच्या जागी बसणार आहेत. आपण त्यांच्या शेजारी बसून ऐकतो तेव्हा दमनक कसा जिंकला ह्यापेक्षा पिंगलक कसा फसला हे दिसायला लागतं. कुठे त्याने शहानिशा करायला हवी होती, कुठे तो भीतीपोटी निर्णय घेऊन बसला, सगळं लक्ष तिकडे जातं. आतल्या गोष्टीचा एक शब्द न बदलता बाहेरच्या थराने तिचा अर्थ बदलला. बाहेरचा थर करतो ते हेच, वाचकाला कुठल्या खुर्चीत बसून ऐकायचं ते ठरवतो.

ह्याच तंत्रात पाचर उपटणाऱ्या माकडाची गोष्ट येते. ती करटक दमनकाला सांगतो, नसत्या भानगडीत पडू नकोस म्हणून. दमनक ऐकतो आणि सोडून देतो. म्हणजे एकाच गोष्टीला एक ऐकणारा आत आहे ज्याने ती कानाआड केली, आणि तीन बाहेर आहेत ज्यांनी ती घ्यावी अशी सांगणाऱ्याची धडपड आहे. एवढं समजलं की चौकटीचं तंत्र अर्धं हातात आलं समजा.

पायरी एक: "आजच का" ह्याचं उत्तर आधी लिहून काढा

कथा लिहायला बसण्याआधी एका कागदावर एकच वाक्य लिहा, की ह्या माणसाने ही गोष्ट इतकी वर्षं सांगितली नाही आणि आज सांगतोय कारण अमुक झालं. पाऊस पडतोय, लाईट गेली, नातवंडं सुट्टीला आली, ही कारणं नाहीत, हे फक्त प्रसंग आहेत. कारण असं पाहिजे की त्याला गप्प बसणं अवघड झालं.

आपली गिरणगावातली गोष्ट घेऊ. लालबागची चाळ, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे तात्या, पूर्वी साचाखात्यात कामाला होते. नातू निखिल रविवारी आलाय, गिरणी कामगारांच्या घरासाठी कागद गोळा करायला. हे खरं आहे की म्हाडाच्या सोडतीत घर मिळायला १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामावर असल्याचा पुरावा लागतो आणि कामगार हयात नसेल तर वारसालाही हक्क असतो. निखिल लोखंडी ट्रंक उपसतो, तात्यांचं पगाराचं कार्ड सापडतं, आणि त्याच्याखाली अजून एक कार्ड सापडतं, दुसऱ्याच माणसाच्या नावाचं.

"तात्या, हा दगडू कोण?"

"होता एक खात्यातला."

"मग त्याचं कार्ड तुमच्याकडे कसं?"

बस, आता म्हाताऱ्याला पळायला जागा नाही. ह्याला मी कारण म्हणते. वस्तू समोर आहे, प्रश्न विचारला गेलाय, आणि पहिलं उत्तर टाळाटाळीचं आलंय म्हणजे वाचकाला लगेच कळतं की इथे काहीतरी दडलंय.

पायरी दोन: ऐकणाऱ्याला काहीतरी हवं असलं पाहिजे

सगळ्यात जास्त कथा इथे मार खातात. ऐकणारा म्हणजे नुसता "मग काय झालं आजोबा?" म्हणणारा पोरगा. त्याला नाव नसतं, घाई नसते, मत नसतं. महाभारत आठवा. वैशंपायन ते जनमेजयाला सांगतात, आणि जनमेजय सर्पसत्र करतोय, वडिलांना म्हणजे परीक्षिताला तक्षकाने मारलं म्हणून सापांचा अख्खा वंश जाळायला बसलाय. सूडाने पेटलेल्या माणसाला त्याच्याच घराण्याची, सूडाने सगळं कुळ कसं संपलं त्याची गोष्ट ऐकवली जातेय. प्रत्येक सूडाचा प्रसंग ऐकताना समोर कोण बसलंय ते लक्षात ठेवा, वेगळंच वाचन होतं.

आपल्या निखिलला घर हवंय. लग्न ठरतंय, भाड्याच्या जागेत राहतोय, तो कागद न्यायला आलाय आणि दुपारची लोकल पकडायचीय. त्याला गोष्ट नकोच आहे! हे फार उपयोगी पडतं, कारण ज्याला ऐकायचं नाही त्याला ऐकायला लावणं हीच बाहेरच्या थरातली ओढाताण होते आणि तिच्यावर कथा पुढे सरकते.

पायरी तीन: म्हाताऱ्याला काय माहीत आहे, कसं माहीत आहे, आणि तो काय लपवतोय

कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात त्याने डोळ्यांनी पाहिलेलं, दुसऱ्यात त्याने ऐकलेलं, तिसऱ्यात त्याला माहीत असून तो सांगायला तयार नसलेलं. हे अगदी खरोखर करा, डोक्यात ठेवून होत नाही.

आतली गोष्ट अशी. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार बाहेर. दिवस जातात, महिने जातात, घरातलं धान्य संपतं, बरेच जण बायकापोरांना घेऊन गावी जातात. दगडूची बायको आजारी, तो गावीही जाऊ शकत नाही. एका रात्री तो लपून पाळीवर आत जातो. तात्या त्याला बघतात. चार दिवसांनी दगडूला गल्लीत अडवून मारतात, चाळीत त्याच्याशी कोणी बोलत नाही, नळावर त्याच्या बायकोला कोणी पुढे घेत नाही. शेवटी तो गाव गाठतो. जाताना आपलं कार्ड तात्यांच्या हातात देतो आणि म्हणतो, गिरणीतून माझा हिशोब मिळाला तर तेवढा पाठवून दे, दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही.

पहिल्या रकान्यात काय येईल? दगडू गेटमधून आत जाताना दिसला, आणि त्याने कार्ड दिलं. दुसऱ्या रकान्यात मारहाण, ती तात्यांनी पाहिली नाही, लोकांकडून ऐकली. आणि तिसऱ्यात एकच गोष्ट, दगडूचं नाव बाहेर तात्यांनीच सांगितलं होतं.

आता चूक कुठे होते बघा. नवीन लेखक मारहाणीचा प्रसंग रंगवून लिहितो, पहिला फटका कुठे बसला, रक्त कसं आलं, दगडूच्या मनात त्या क्षणी काय आलं. अहो पण तात्या तिथे नव्हते! वाचकाला नेमकं बोट ठेवता येत नाही पण त्याचा विश्वास उडतो. जुन्यांना हे किती नीट कळत होतं, संजयाला रणांगणावरचं सगळं सांगायचंय तर आधी त्याला दिव्यदृष्टी देऊन ठेवली. आपल्या तात्यांकडे दिव्यदृष्टी नाही, त्यामुळे तिथे ते "चौघं होते म्हणे", "सायकलची चेन होती म्हणतात" असं बोलतील. ह्याने प्रसंग कमजोर होत नाही, उलट म्हातारा त्या रात्री घरात बसून होता हे त्या एका "म्हणे"तून दिसतं, आणि पुढे सत्य कळल्यावर तोच शब्द वाचकाला परत आठवतो.

पायरी चार: मधे मधे बाहेर कधी यायचं

दर पानाला "तात्यांनी विडी पेटवली", "तात्यांनी दीर्घ श्वास घेतला" करत बाहेर येऊ नका. चौकट विसरली जाईल ही भीती असते म्हणून लोक असं करतात, पण ती विसरली जाऊ दे, वाचक आत रमला पाहिजे. बाहेर यायला माझ्या मते तीनच जागा योग्य. ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या प्रश्नाला गोष्ट भिडली की, सांगणाऱ्याने काहीतरी गाळलं आणि ऐकणाऱ्याच्या ते लक्षात आलं की, आणि मोठा काळ ओलांडायचा असला की. तिसरी जागा नुसती सोयीची आहे, पहिल्या दोन मात्र कथेला पुढे ढकलतात.

आपल्या गोष्टीत मी पहिल्यांदा बाहेर येईन ते दगडूची बायको नळावर मागे राहते तिथे. निखिल विचारतो, "मग आजीने तरी घेतलं का तिला पुढे?" तात्या म्हणतात, "तुझी आजी तेव्हा गावी होती." बस, परत आत. एका ओळीचा प्रश्न आहे पण त्यातून कळतं की निखिल आता घड्याळ बघत नाहीये, आणि तात्या स्वतःबद्दलचा प्रश्न आजीवर ढकलून सुटलेत.

दुसऱ्यांदा मारहाणीनंतर. निखिल जरा वेळाने म्हणतो, "पण तात्या, रात्री तो आत गेला हे त्यांना कळलं कसं? पाहिलं तर तुम्हीच होतं ना." हा प्रश्न वाचकाच्या डोक्यात यायच्या एक क्षण आधी निखिलच्या तोंडी आला पाहिजे. उशीर झाला तर वाचक पुढे आणि निखिल मठ्ठ वाटतो. खूप आधी आला तर रहस्यच फुटतं. ही जागा एका फटक्यात सापडत नाही, कच्चा खर्डा कोणाला तरी वाचून दाखवा आणि त्याच्या चेहऱ्यावर शंका कुठे येते ते बघा, प्रश्न त्याच्या थोडा वर सरकवा.

पायरी पाच: दोन थरांची भाषा वेगळी ठेवा

बाहेरचा निवेदक निखिल असेल किंवा तिसरंच कोणी, त्याची मराठी आजची. आतली मराठी तात्यांची, कोकणातून आलेल्या आणि आयुष्य गिरणीत काढलेल्या माणसाची. ते "वीव्हिंग डिपार्टमेंट" म्हणणार नाहीत, साचाखातं म्हणतील. शिफ्ट नाही, पाळी. वेळ घड्याळावरून न सांगता भोंग्यावरून सांगतील. पण बोलीचा अतिरेक नको, दर शब्द वाकडा लिहिला तर वाचक गोष्ट सोडून स्पेलिंग वाचत बसतो. मी तर म्हणेन वाक्यांचा क्रम बोलण्यासारखा ठेवा, कामाचे शब्द त्याचे ठेवा, एवढं पुरतं.

लांब आतली गोष्ट असेल तर अवतरणचिन्हांचा त्रास होतो, दर परिच्छेदाला चिन्ह उघडायचं की नाही वगैरे. सोपा मार्ग म्हणजे आत शिरताना एक ओळ मोकळी सोडा, मग अवतरणाशिवाय सरळ "मी" ने लिहा, बाहेर येताना परत ओळ सोडा. मात्र दोन्ही थरांत "मी" असेल तर गोंधळ होतो, म्हणून बाहेरचा थर शक्यतो तृतीयपुरुषी ठेवा, निदान पहिल्या प्रयत्नात तरी.

आणि एक, म्हाताऱ्याची आठवण तारीखवार चालत नाही. तो पुढे जाईल, परत मागे येईल, "हां, त्याच्या आधी एक राहिलं" म्हणेल. हे कथेत एकदाच वापरा, आणि तेही जे राहिलं ते महत्त्वाचं असेल तिथे. तात्या कार्ड दिल्याचं सांगून टाकतात आणि मग म्हणतात, "त्याच्या आधी एक राहिलं." तिथे कबुली येते. ती एवढीच असू द्या: "युनियनच्या पोरांनी विचारलं, कोण कोण आत जातंय. मी नाव सांगितलं." पुढे स्पष्टीकरण नको, रडणं नको.

पायरी सहा: गोष्ट सांगून झाल्यावर बाहेर काय बदललं

सगळ्याच चौकटी शेवटी बंद कराव्या लागतात असं नाही. पंचतंत्रात राजपुत्र शहाणे झाले हे कथामुखातच सांगून टाकलंय, शेवटच्या तंत्रानंतर आपण दरबारात परत जात नाही, आणि ते चालतं कारण पैज काय झाली ते आपल्याला आधीच माहीत असतं. पण तुमच्या कथेत बाहेर प्रश्न उघडा टाकला असेल तर परत यावंच लागतं, आणि परत आल्यावर काहीतरी हललेलं पाहिजे.

इथे नवीन लेखकाचा हात घसरतो तो दोन प्रकारे. एक, म्हातारा तात्पर्य सांगतो, "म्हणून बाळा, माणसाने कधी..." हे वाक्य दिसलं की खोडा, सगळंच्या सगळं. दोन, म्हातारा गोष्ट संपवून मरतो. त्याने लेखक सुटतो पण सांगणाऱ्याने पुढे काय करायचं हा प्रश्नही मरतो, आणि तोच तर खरा प्रश्न होता.

तात्यांचं काय? दगडू बहुतेक आता नसेल, पण त्याची मुलगी गावी असेल, आणि हे कार्ड म्हणजे दगडू जानेवारी १९८२ मध्ये कामावर होता ह्याचा तिच्यासाठी पुरावा आहे. म्हणजे इतकी वर्षं ट्रंकेत पडलेल्या कागदाने आजही कोणाला तरी घर मिळू शकतं. ही गोष्ट तात्या बोलून दाखवणार नाहीत, निखिलला ती कळेल, कारण तो त्याच कामासाठी आलाय, नियम त्यालाच पाठ आहेत. बघा, ऐकणाऱ्याला काय हवंय ते दुसऱ्या पायरीला ठरवलं त्याचा उपयोग इथे झाला. नुसती आतली गोष्ट छापली असती तर ती १९८२ मधल्या दगाबाजीची गोष्ट राहिली असती, वाईट वाटून संपली असती. बाहेरच्या थरामुळे तिच्यात अजून करता येण्यासारखं काहीतरी उरलं.

मग शेवटचा प्रसंग साधा ठेवता येतो. निखिल विचारतो, "गाव कुठलं त्याचं?" तात्या सांगतात. निखिल म्हणतो, "तुम्ही येणार का बरोबर?" आता तात्यांचं उत्तर काय, हे तुम्ही ठरवा, पण ठरवा नक्की. हो म्हटलं तर ही धाडसाची कथा होते, नाही म्हटलं आणि कार्ड नातवाच्या हातात दिलं तर जबाबदारी पुढच्या पिढीवर सरकवल्याची. माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण ज्या माणसाने आजीच्या नावाआड लपून उत्तर दिलं तो एका दुपारीत बदलेल असं मला वाटत नाही.

छापायला देण्याआधीची तपासणी

आतली गोष्ट झाकून फक्त बाहेरचे तुकडे सलग वाचा. आपल्या उदाहरणात ते असे येतील: निखिल कागद शोधतोय, दुसरं कार्ड सापडतं, तात्या टाळतात, निखिल आजीबद्दल विचारतो, निखिल शंका काढतो, तात्या कबूल करतात, निखिल गाव विचारतो. ही स्वतंत्र छोटी गोष्ट झाली, तिला सुरुवात आहे आणि शेवटाला परिस्थिती पहिल्यापेक्षा वेगळी आहे. तुमच्या तुकड्यांत फक्त चहा, विडी, पाऊस आणि हुंकार सापडले तर दोनच मार्ग, पहिल्या पायरीवर परत जा, नाहीतर म्हाताऱ्याला रजा द्या आणि आतली गोष्ट सरळ लिहा. सरळ लिहिण्यात काही कमीपणा नाही, चौकट लागत नसलेल्या चांगल्या कथा खूप आहेत.

मग उलटं करा, बाहेरचे तुकडे झाकून फक्त आतली गोष्ट वाचा, आणि ती कोणाची गोष्ट वाटते ते एका ओळीत लिहा. त्यानंतर सगळं एकत्र वाचून परत तीच ओळ लिहा. माझ्या हिशोबाने पहिली ओळ "दगडूचं काय झालं" अशी येईल आणि दुसरी "तात्यांनी काय केलं". दोन्ही ओळी सारख्याच आल्या तर बाहेरच्या थराचं काम अजून बाकी आहे, आणि ते बहुतेक तिसऱ्या रकान्यात सापडेल, म्हाताऱ्याने लपवलेलं तुम्ही पुरेसं मोठं ठेवलं नसेल.